दोस्ती रद्द केल्याची सूचना

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ज्या माणसाशी मी अठरा वर्षांची दोस्ती तोडली, ती तोडण्याचा मेसेज मी त्याच माणसाकडून लिहून घेतला. त्याला कळू न देता. म्हणजे निदान त्या दुपारी मी तसं समजत होतो.

मी कंडक्टर. ते आमच्या स्टँडवर कंट्रोलर होते. कंट्रोलर म्हणजे जाळीच्या खिडकीआड बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करणारा आणि माईकवरून कोणती गाडी कुठं लागली ते सांगणारा माणूस. आमचं स्टँड लहान. चार फलाट, त्यातला चौथा कुत्र्यांचा. मेहकर, चिखली, लोणार, जालना, एवढ्याच दिशांना जग आहे असं तिथं बसल्यावर वाटायचं.

ते मूळचे बीबीचे. काडीसारखे बारीक, डोक्याला एवढं तेल की टोपी घातली तर घसरेल, आणि भर मे महिन्यात गळ्याला मफलर. "फॅनचा वारा घशाले लागते," म्हणायचे. घसा स्वतःचा नाही, सरकारी आहे, त्याची देखभाल करणं हा ड्यूटीचा भाग आहे, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून दिवसातून तीनदा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि त्या खिडकीतून बाहेर. रोजचे प्रवासी त्या खिडकीखाली उभे राहत नसत. नवा प्रवासी उभा राहिला तर बाकीचे काही बोलायचे नाहीत, नुसते बघत राहायचे. तेवढीच करमणूक.

माणसांना नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती. मला "कंडक्टर". माझ्या बायकोला "कंडक्टरीनबाई". माझी मुलगी चार वर्षांची असताना तिला "हाफ तिकीट" म्हणाले, आणि ती बी.एस्सी. झाली तरी ती हाफ तिकीटच राहिली.

पण त्यांची खरी ख्याती माईकची. एकदा दुपारची लोणार गाडी डेपोतच बंद पडली. दुसरा कोणी असता तर "लोणार गाडी थोड्याच वेळात येत आहे" असं म्हणून मोकळा झाला असता. ते म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. दुपारची लोणार गाडी आज नाही. उशिरा नाही, नाहीच. वाट पाहू नका. ज्यांले जायचंच आहे त्यांनी मेहकर गाडीनं निघावं आन् पुढचं पुढं पाहावं. ज्यांचं नाही गेलं तरी चालते त्यांनी घरी जाऊन झोपावं."

कोणीतरी तक्रार केली. वरून खुलासा मागवला. त्यांनी लिहून दिलेला खुलासा डेपोत पुढं कितीतरी दिवस तोंडपाठ होता: "गाडी रद्द झाल्याचे दुःख प्रवाशास एकदाच होते. गाडी येत आहे असे सांगितल्यास दर पंधरा मिनिटांनी होते. सबब एकदाच दिले."

'थोड्याच वेळात' हे शब्द त्यांनी त्यांच्या सबंध नोकरीत माईकवर उच्चारले नाहीत. शिवी दिली तर चालेल पण हे नाही, असा खाक्या.

त्यातून संबंध तोडायचे मेसेज नीट करून द्यायचा धंदा सुरू झाला. धंदा म्हणायचा, कारण गिऱ्हाईक यायचं. घेत मात्र काही नव्हते, कोणी चहा सांगितला तर पीत.

पहिलं गिऱ्हाईक एक नर्सिंगच्या कॉलेजातली मुलगी. रोज दुसरबीडहून यायची. त्या दिवशी बाकड्यावर बसून रडत होती, आणि तिच्या रडण्यानं माईकवर आवाज येतो म्हणून ते तिला गप्प करायला बाहेर आले. मी तिथंच वेळ काढत उभा होतो. तिला एका मुलाशी संपवायचं होतं, आणि तिनं फोनवर लिहून ठेवलं होतं: 'मला तुझा कंटाळा आलाय. तू कायम आईचंच ऐकतो. तुझ्या अंगाला गुरांचा वास येतो. यानंतर मला फोन करू नको.'

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "यातलं शेवटलं वाक्य कामाचं आहे. बाकी शेणखत. वास येते हे खरं आहे का?"

"हाव."

"उद्या त्यानं साबण बदलला तर जाशील का वापस?"

मुलगी विचारात पडली. "नाई."

"मंग ते कारण नोहे, टोमणा आहे. काढ. आन् आईचं ऐकणं सोडलं त्यानं, तर?"

"तरी नाई."

"तेही काढ. नाही तं तो उद्या साबण लावून, आईशी भांडून तुह्या दारात उभा राहीन, आन् म्हनंन, आता बोल. मंग काय सांगशील?"

हीच त्यांची चाळणी. जे सुधारलं तरी तुम्ही परत जाणार नाही, ते कारण म्हणून लिहायचं नाही. लिहिलं की समोरचा माणूस ते दुरुस्त करायला घेतो आणि महिनाभर आशेवर राबतो. कंटाळा आला हे खरं होतं, पण तो शब्द त्यांनी काढायला लावला. "कंटाळा सिनेमाचा येते. माणसाले सांगायचं, माह्या मनात आता ते राहिलं नाही. तेही तेवढंच खरं आहे, पण लागते कमी." आणि फोन करू नको, हे वाक्य त्यांनी तळातून उचलून दुसऱ्या ओळीत नेलं. म्हणाले, बातमी आधी, बाकी मागून. माणूस मेसेज वाचताना खालीच पाहत असते की गाडी आहे का रद्द.

नंतर स्टँडवर नंबर लागायला लागले. कॉलेजची पोरं-पोरी जास्त, पण मोठी माणसंही. एक भाजीपाला करणारा पन्नाशीचा गडी आला होता. तीस वर्षं ज्याच्यासोबत एका टेम्पोत मेथी-कोथिंबीर नेली, त्याच्याशी त्याला संबंध तोडायचे होते. त्याचा मसुदा एका ओळीचा: 'तू मेला तरी मी मातीला येणार नाही.'

"खरंच नाही जाणार?" कंट्रोलरनी विचारलं.

"जाईन ना. न जाऊन कसं चालंल?"

"मंग खोटं काऊन लिहून राह्यला बे? तेही लेखी?"

शेवटी जे गेलं ते असं: 'आजपासून आपलं बोलणं-बसणं बंद. दुखलंखुपलं तर येईन, पण बसणार नाही.' तो गडी ते वाचून म्हणाला, "हे तं माह्या मनातलंच आहे," आणि जाताना डोळे पुसले. कंट्रोलर मला म्हणाले, "पाहिलं? तोडतानाच कळते माणसाले, किती जोडेल होतं."

त्यांचे बाकीचे नियमही मी तिथं उभं राहून पाठ केले. 'सध्या', 'काही दिवस', 'बघू' असले शब्द बाद, ते थोड्याच वेळातचे भाऊबंद. 'नेहमी' आणि 'कधीच' बाद. 'दोष माझाच आहे' बाद. ज्याला ते खरंच वाटतं तो तोडत नाही, सुधारतो. 'माफ कर' बाद, कारण ज्याला आपण सोडलं त्याच्यावरच आपल्याला मोकळं करायचं काम टाकायचं, ही डबल हमाली. आभार मानायचे तर एकाच गोष्टीचे, आणि ती डोळ्यांनी दिसेल अशी पाहिजे. पुढं काय होणार ते स्वच्छ सांगायचं: फोन घेणार की नाही, रस्त्यात ओळख देणार की नाही. टाईप ज्याचं त्यानं करायचं, बोटांना कळलं पाहिजे आपण काय करतोय. समोरचा जेवलेला असेल अशा वेळी पाठवायचं. आणि सगळ्यात कडक नियम: इथंच, त्यांच्यासमोर बसून पाठवायचं. "घरी नेलं की माणूस त्यात पुन्हा मिरची टाकते."

हे सगळं मला येत होतं. तरी मी स्वतःचा मेसेज त्यांच्याकडे घेऊन गेलो, हे आता लिहितानासुद्धा मला धड समजावून सांगता येत नाही.

त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दर रविवारी ते आमच्या घरी जेवायचे. जेवून झाल्यावर आमच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून संध्याकाळपर्यंत कोणत्या गाडीला किती उशीर झाला ते मला सांगायचे. मुलीला त्यांचा लळा. बायको रविवारची भाजीच त्यांच्या आवडीची करायची. मला पूर्वी त्यांच्यासोबत हसायला आवडायचं. मग हळूहळू मी लोक त्यांना हसतात तिकडे बघायला लागलो.

मुलीचं लग्न ठरलं. घर मोठं, जमीनजुमला, दारात दोन गाड्या. आमच्यासारख्या कंडक्टरच्या पोरीला असं घर मिळालं म्हणून मी साखरपुड्याआधीपासूनच वाकून चालत होतो. साखरपुडा सिंदखेडराजा रस्त्यावरच्या एका कार्यालयात. मुलाकडची उरलेली मंडळी यायची होती, म्हणून पंगत थांबलेली. नवऱ्या मुलाचे एक काका माईक हातात धरून दर दहा मिनिटांनी सांगत होते, आमचे पाहुणे पोचतच आहेत, थोड्याच वेळात पोचत आहेत.

तिसऱ्यांदा 'थोड्याच वेळात' झालं आणि मी पाहिलं तर मफलरवाला माणूस स्टेजवर चढलेला. काकांच्या हातातून माईक त्यांनी असा घेतला, जणू तो त्यांच्याच नावावर आहे.

"पाहुण्यांनी लक्ष द्यावं. वराकडील दोन गाड्या अजून दुसरबीडच्याही अलीकडं आलेल्या नाहीत. मी ड्रायव्हरले फोन केला होता, तो चहा पिऊन राह्यला. वाट पाहू नये. पंगत फलाट क्रमांक एकवर लागत आहे. म्हातारे आन् लेकरं आधी. हाफ तिकिटानं नवरदेवाले घेऊन बसावं."

अख्खं कार्यालय हसलं. माझी मुलगी तोंडाला पदर लावून हसली. व्याही तर मांडीवर थाप मारून हसले. मला मात्र त्या हसण्यात ऐकू आलं की हे लोक कोणत्या घरातून पोरगी आणतायत. व्याही मला त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मीच आठ दिवस त्यांच्या वतीनं माझा अपमान करत राहिलो.

आठव्या दिवशी घरात दुसरी जागा नसल्यासारखं संडासात बसून मी फोनवर लिहिलं. ते असं होतं:

'तू आमच्या घरी येत जाऊ नको. चार लोकांत तुझ्यामुळे माझी मान खाली जाते. तू नेहमी नको तिथं बोलतो. तुझ्या तोंडाला कुलूप नाही. दर रविवारी येऊन जेवतो आणि उठायचं नाव घेत नाही. लोक तुला हसतात आणि तुझ्यासोबत मला. लग्नाला तर मुळीच येऊ नको.'

शब्दाशब्दाला खरं होतं. पण असं पाठवता येणार नाही एवढी लाज शिल्लक होती. आणि कठीण मेसेज म्हटलं की आमच्याकडे हात आपोआप एकाच खिडकीकडे वळायचा. त्यात मला असंही वाटलं, त्यांच्याच रीतीनं सांगितलं तर त्यांना कमी लागेल. म्हणून रविवारचा शनिवार केला, लग्नाची वास्तुशांत केली, आणि चिखलीला एक मावसभाऊ तयार केला. एवढ्या तीन दुरुस्त्या करून मी स्वतःला फार हुशार समजत होतो. कागद दुरुस्त करून घ्यायचा, घरी न्यायचा, सावकाश पाठवायचा. त्यांच्यासमोरच पाठवावं लागतं हा नियम माझ्या डोक्यात होता. तो मलाही लागू आहे हे नव्हतं.

दुपारी जेवणानंतर गर्दी नसते. त्यांचा धुतलेला डबा खिडकीत पालथा होता. मी मसुदा दाखवला. त्यांनी एका जुन्या ड्यूटी-तक्त्याच्या मागच्या बाजूला तो मोकळा-मोकळा उतरवून घेतला आणि लाल पेन्सिल काढली.

"मावसभाऊ?"

"हाव. चिखलीचा."

"त्याले तू म्हनतो का तुम्ही?"

"तुम्ही," माझ्या तोंडून गेलं. मग म्हणालो, "मोठा आहे ना माह्यापेक्षा."

"मंग इथं तू काऊन? आयुष्यभर तुम्ही म्हनलं, आन् तोडायच्या दिवशी तू. पहिलाच शब्द थोबाडीत बसते माणसाच्या." सगळीकडे तुम्ही केलं. "आता पाहू. मान खाली जाते. मान कोनाची?"

"माही."

"खाली कोन घालते?"

लाल रेघ.

"नेहमी नको तिथं बोलते. नेहमी म्हनजे किती? मोज."

मी खरंच मोजलं. "दोनदा."

"दोनदाले नेहमी म्हनत नाहीत. दर शनिवारी जेवते. बोलावते कोन?"

"बायको."

"म्हनजे वाढलेलं खाल्लं हा गुन्हा." रेघ. "तोंडाले कुलूप नाही. बरं, उद्या त्याची वाचा गेली, मुका झाला. ठेवशील दोस्ती?"

मला हो म्हणता येईना. ती चाळणी मी शंभर वेळा पाहिली होती, पण तिच्यावर स्वतः कधी बसलो नव्हतो. "नाही," म्हणालो.

रेघ. "लोक हसतात. हे त्याले माहीत आहे का?"

"नसंल बहुतेक."

"असंल. हसू सगळ्यात आधी त्यालेच ऐकू येते. माहीत असंल तं सांगायची गरज नाही, आन् नसंल तं सांगायचा तुले हक नाही." रेघ. "वास्तुशांतीले येऊ नको, हे राहू दे. हे कामाचं आहे. पण खाली घेऊ, आन् 'मुळीच' काढू. नाही म्हनजे नाही, त्याले फोडणी कशाले?"

मग त्यांनी कागद लांब धरून पाहिला. सगळा लाल झाला होता.

"कारण तं एकही नाही उरलं, कंडक्टर. खरं काय आहे?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

"येत नाही का सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही."

"मंग तसंच लिहू. खोटं कारण देण्यापेक्षा ते बरं. पण त्याले असंही सांगू की शोधत बसू नका, नाही तं बिचारा रोज स्वतःले उलटंपालटं करून पाहीन." त्यांनी लिहिलं. मग विचारलं, "त्यानं तुह्यासाठी केलेली एक गोष्ट सांग. मोठी नको. खरी."

इथं मी खोटं तयार ठेवलेलं नव्हतं. या प्रश्नाला कोणीच खोटं बोलत नसे, तेही मी पाहिलं होतं. मी म्हणालो, "बायकोचं ऑपरेशन झालं तं जालन्याले डबा घेऊन यायचे. गाडी बदलून. नऊ दिवस."

पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली. ते खिडकीबाहेर पाहत होते. चौथ्या फलाटावर एक कुत्रं दुसऱ्याच्या अंगावर पाय टाकून झोपलं होतं.

"नऊ का दहा?"

"नऊ."

"दहा लिहू," ते म्हणाले. "कमी लिहिलेलं लागते माणसाले."

मी शेवटी 'माफ करा, तुमचं भलं होवो' असं सुचवलं. माफीचं तुला माहीत आहे, म्हणाले. आणि भलं होवो हे भिकाऱ्याला पुढं जा म्हणताना म्हणतात. मग त्यांनी ते सगळं मला वाचून दाखवलं, त्यांच्या माईकच्या आवाजात, माईक बंद ठेवून. प्रत्येकाचं असंच वाचायचे. ऐकणाऱ्याच्या कानानं कुठं टोचतं का ते पाहायला.

'नमस्कार. आपलं येणं-जाणं आणि बोलणं मी आजपासून बंद करत आहे. हे थोड्या दिवसांसाठी नाही. कारण सांगायची माझी तयारी नाही. तुम्ही ते विचारू नका, आणि स्वतःत शोधत बसू नका. माझ्या बायकोच्या ऑपरेशनात तुम्ही दहा दिवस जालन्याला डबा आणला. ते आम्ही विसरणार नाही. वास्तुशांतीला तुम्ही येऊ नये. रस्त्यात भेटलो तर नमस्कार करीन. फोन घेणार नाही.'

"टोचते कुठं?"

"नाही."

"मले एका ठिकाणी टोचलं, पण तिथं टोचायलेच पाह्यजे. कर टाईप."

मी बाकड्यावर बसून टाईप केलं. म्हणालो, घरी जाऊन पाठवतो. म्हणाले, नाही. म्हणालो, रेंज नाही. त्यांनी माझ्या हातातला फोन वाकून पाहिला आणि म्हणाले, "चार काड्या आहेत. माणूस जेवला असंल ना आतापरेंत?"

मी खिडकीतल्या पालथ्या डब्याकडे पाहिलं. "जेवला असंल."

"मंग पाठव. मी चिखली गाडी सांगून येतो." आणि ते आत गेले.

मी वास्तुशांत खोडून लग्न लिहिलं. सबंध मेसेजमध्ये माझा तेवढा एकच शब्द. आणि पाठवला.

त्यांच्या फोनला मेसेज आला की गाडीचा हॉर्न वाजायचा. अशी रिंग त्यांनी कुठून तरी मिळवली होती. त्या वेळी माईक चालू होता. "चिखलीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं, चिखली गाडी" इथपर्यंत आलं आणि सगळ्या स्टँडवर, चारही भोंग्यांतून, हॉर्न वाजला. दोन नंबरच्या फलाटावरचे प्रवासी उड्या मारून मागे सरले. एक म्हातारी गाडी कुठं आहे म्हणून शोधायला लागली. लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं.

जाळीतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी चष्मा लावला. मान थोडी खाली. माईकवर नुसती खरखर. मग आवाज आला, नेहमीचाच, मिठाच्या पाण्यानं धुतलेला: "चिखली गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. चढणाऱ्यांनी चढून घ्यावं."

माझ्याही गाडीची वेळ झाली होती. खिडकीतून त्यांनी सही केलेला कागद दिला.

"गेला का मेसेज?"

"गेला."

"पोचलाही असंल. वेळ झाली, कंडक्टर. निघा."

अठरा वर्षं ते मला 'निघ' म्हणत आले होते.

त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं. 'मिळाला. लग्न हा शब्द तेवढा तुमचा आहे, पण बरोबर बसला. हाफ तिकिटाला आशीर्वाद.'

पुढच्या रविवारी बायकोनं त्यांचं ताट घेतलं. मी म्हणालो, त्यांनाच यायचं नाही आता, काहीतरी बिनसलं त्यांचं. हे माझं दुसरं पाप, पहिल्यापेक्षा मोठं असेल. तिनं खूप विचारलं. मग एकदा आपणहून त्यांच्याबद्दल बोलत होती, तेव्हा मी सहज केल्यासारखं विचारलं, तुझ्या ऑपरेशनच्या वेळी ते जालन्याला किती दिवस आले होते. म्हणाली, "नऊ दिवस आले. दहाव्या दिवशी आपल्याले सकाळीच सुट्टी झाली नाही का? तुम्ही त्यांले कळवायचं विसरले. ते डबा घेऊन तिथं पोचले तं खाट रिकामी. मले हाफ तिकिटानं सांगितलं मंग." हाफ तिकीट म्हणजे आमची मुलगी, बायकोच्या तोंडातही तेच नाव बसलं होतं.

त्या खिडकीशी आम्हा दोघांत दहावा दिवस फक्त त्यांनाच माहीत होता. म्हणजे पेन्सिल टेकून थांबली तेव्हा त्यांना कळलेलं होतं, कदाचित 'तुम्ही' म्हणालो तेव्हाच. कळल्यावरही त्यांनी कागद बाजूला सारला नाही. शोधत बसू नका, हे त्यांनी त्याच्या आधी लिहिलं होतं. नंतर तेही खोडलं नाही.

लग्नात व्याह्यांनी इकडं-तिकडं पाहून मला विचारलं, "ते तुमचे माईकवाले कुठं आहेत? आमच्या भावाले म्हनलं होतं मी, आज तू माईक धरू नको, ते येतीन." मी म्हणालो, ड्यूटी आहे. मुलीनंही विचारलं. तिलाही ड्यूटीच सांगितली. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग फोटोवाल्यानं तिला बोलावलं.

त्यानंतर ते रिटायर होईपर्यंत आम्ही एकाच स्टँडवर होतो. मेसेज त्यांनी कलमवार पाळला. नमस्कार करायचे. फोन कधी केला नाही. कारण विचारलं नाही. निरोपसमारंभाला मी माझी ड्यूटी बदलून घेऊन बाहेरगावी गेलो, आणि ऐकलं की त्यांनी भाषणात एवढंच सांगितलं, मी आता रद्द आहे, माझी वाट पाहू नये. आणि खाली बसले. लोकांनी म्हणे टाळ्या वाजवल्या.

आता ते बीबीला असतात. माझी लोणारची गाडी तिथं दोन मिनिटं थांबते. कधी ते फाट्यावरच्या हॉटेलासमोर खुर्ची टाकून बसलेले असतात, मफलर आहेच, समोर एखादी पोरगी किंवा एखादा गडी फोन घेऊन बसलेला. मी दारातून नमस्कार करतो. ते करतात. मी घंटी मारतो.

माझ्या मसुद्यातलं एकही कारण त्यांच्या चाळणीवर टिकलं नाही, आणि खरं काय आहे हे त्यांनी मला समोर बसून एकदाच विचारलं. व्याह्यांचं काही म्हणणं नव्हतं. कंट्रोलरही काही वाईट वागले नव्हते. मी वर जायला निघालो होतो आणि मला त्यांच्यासोबत दिसायची लाज वाटत होती. ते मुके झाले असते तरी वाटली असती. हे इथं लिहिलं म्हणजे त्यांना सांगितलं असं होत नाही. ते कारण मी त्यांना द्यायचं आहे, गाडीतून खाली उतरून, तोंडानं. अजून दिलेलं नाही.